जुनी हार्ड डिस्क बाहेरून जोडताना: ई-साटा केबल आणि कॅबिनेटमधली साटा केबल

खानापुरात माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा २००८ सालचा एक डेस्कटॉप माझ्या वाट्याला आला. त्याचा पॉवर सप्लाय जळाला होता, पण आत ५०० जीबीची साडेतीन इंची साटा हार्ड डिस्क होती आणि तिच्यात तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या लग्नांचे, शाळांच्या गटांचे, यात्रांचे फोटो होते. ती डिस्क मी बेळगावला घरी आणून ई-साटाने, म्हणजे साटा डिस्क बाहेरून जोडायच्या केबलने, जोडली. पहिल्या प्रयत्नात ती अर्ध्या तासात अडकायला लागली. एका दुकानात दाखवली, तर "डिस्क गेली, सोडून द्या" असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात डिस्क जवळजवळ धडधाकट होती आणि दोष केबलच्या लांबीत होता. निपाणी, चिकोडी, खानापूरकडे अशा डिस्का अजून कपाटांत पडून आहेत. म्हणून हे सगळं पायरीपायरीने लिहितो आहे.

## आधी: जवळ काय हवं

- ई-साटा पोर्ट असलेला संगणक. साधारण २००७ ते २०१३ मधल्या बऱ्याच डेस्कटॉपना आणि ऑफिसच्या लॅपटॉपना तो असायचा. थिंकपॅड टी४२० हा सेकंडहँडमध्ये सहज मिळणारा लॅपटॉप, त्यात यूएसबी आणि ई-साटा एकाच खाचेत आहेत. नव्या संगणकांत हा पोर्ट जवळपास नाहीच.
- डेस्कटॉपला पोर्ट नसेल तर मागच्या पट्टीवर बसणारी ई-साटा ब्रॅकेट. तिची आतली वायर मदरबोर्डच्या साटा पोर्टला लागते.
- ई-साटा डॉक किंवा एन्क्लोजर, म्हणजे डिस्क बसवायचा बाहेरचा डबा, त्याच्या स्वतःच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरसह.
- अर्धा ते एक मीटरची ई-साटा केबल.
- डेटा उतरवून घ्यायला जुन्या डिस्कपेक्षा मोठी डिस्क.
- लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे संगणकात न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स, आणि यूपीएस.

जुनी डिस्क आयडीई असेल, म्हणजे तिच्या पाठीला ४० पिनांची रुंद खाच असेल, तर हा लेख तिच्या कामाचा नाही. तिला वेगळा कन्व्हर्टर लागतो. साटा डिस्कला दोन चपट्या खाचा असतात, डेटाची लहान आणि विजेची लांब.

## १. दोन केबली ओळखायला शिका

दुकानात नुसतं "साटा केबल" म्हटलंत की लाल रंगाची कॅबिनेटमधली केबल हातात येते. "ई-साटा, बाहेरची" असं स्पष्ट म्हणा. कन्नड बोलणारा दुकानदार असेल तर "होरगिन" म्हटलं की लगेच कळतं. तरीही तोंड बघून घ्या.

कॅबिनेटमधल्या केबलचं तोंड आतून इंग्रजी एल अक्षरासारखं वळलेलं असतं. ई-साटाचं तोंड सरळ, सपाट असतं आणि त्याला बाहेरून धातूचं कवच असतं. एकाची केबल दुसऱ्यात बसू नये म्हणूनच हा फरक ठेवला आहे. जोर लावून बसवू नका, पोर्टमधली पातळ प्लास्टिकची जीभ तुटते.

आत मात्र दोन्हींत तेच सात तार आहेत: पाठवायची जोडी, घ्यायची जोडी आणि तीन ग्राउंड. बोलण्याची भाषाही एकच. म्हणूनच ई-साटाने जोडलेली डिस्क संगणकाला आतल्या डिस्कसारखीच दिसते, मध्ये यूएसबीचा दुभाषी नसतो. जुन्या डिस्कसाठी हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा आहे. डिस्क एखाद्या ठिकाणी अडखळली की काही यूएसबी अ‍ॅडॅप्टर गोंधळून अख्खी डिस्कच सोडून देतात. काही अ‍ॅडॅप्टर डिस्कच्या तब्येतीचे आकडे पुढे पाठवतच नाहीत.

मग फरक कुठे आहे? तो तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कवच. आतली केबल लोखंडी कॅबिनेटच्या आडोशाला असते. बाहेरची केबल टेबलावर मोबाइल, अ‍ॅडॅप्टर, ट्यूबलाइटच्या सान्निध्यात पडलेली असते, म्हणून तिच्या तारांभोवती पूर्ण जाळी असते आणि ती जाळी तोंडाच्या धातूला जोडलेली असते.

दुसरी गोष्ट सिग्नलच्या जोराची. आतल्या साटात पाठवणाऱ्याने किमान ४०० मिलिव्होल्टचा सिग्नल द्यायचा आणि घेणाऱ्याने ३२५ पर्यंत उतरलेला ओळखायचा असा नियम आहे. ई-साटात पाठवणाऱ्याला किमान ५०० द्यावे लागतात आणि घेणाऱ्याला २४० पर्यंत खाली आलेलाही ओळखावा लागतो. म्हणजे वाटेत गळतीला जास्त वाव आहे. म्हणूनच आतली केबल १ मीटरपर्यंत चालते आणि ई-साटा २ मीटरपर्यंत.

तिसरी गोष्ट म्हणजे घालण्या-काढण्याची ताकद. आतलं तोंड साधारण ५० वेळा बसवण्यापुरतं बनवलेलं असतं, ई-साटाचं ५००० वेळा. कॅबिनेट उघडं ठेवून, आतली केबल बाहेर ओढून तिला रोज वेगळी डिस्क लावणारे मी पाहिले आहेत. काही महिन्यांनी ते तोंड सैल होतं आणि मग दोष डिस्कवर जातो.

## २. विजेची सोय वेगळी करा

ई-साटा केबलमधून वीज जात नाही. यूएसबीची सवय असलेल्याला हे पहिल्यांदा कळतच नाही. केबल लावली, डिस्क फिरली नाही, म्हणजे डिस्क मेली असं वाटतं.

साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात आणि फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर ती दोन अँपिअरच्या आसपास ओढू शकते. म्हणून डॉकबरोबर आलेला मूळ अ‍ॅडॅप्टरच वापरा. राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर पिनेला बसतो, पण त्यावर डिस्क टकटक करून पुन्हापुन्हा थांबते. हा आवाज ऐकून लोक घाबरतात. आधी अ‍ॅडॅप्टरवरचे अँपिअर वाचा.

लॅपटॉपची अडीच इंची डिस्क नुसत्या ५ व्होल्टवर चालते. लॅपटॉपच्या यूएसबी आणि ई-साटाच्या एकत्र खाचेतून तिला वीजही देणारी खास केबल मिळते, पण साधी ई-साटा केबल त्याच पोर्टमध्ये लावली तर वीज येणार नाही.

खानापूरकडे पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, बेळगावातही जाते. इथे एक चूक मी स्वतः केली. संगणक यूपीएसवर होता आणि डॉकचा अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या साध्या बोर्डात. वीज गेली, संगणक चालू राहिला आणि फिरती डिस्क धाडकन बंद झाली. दोन्ही यूपीएसवरच लावा.

## ३. ब्रॅकेट असेल तर लांबी मोजा

माझं काम इथेच अडलं होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

ब्रॅकेट म्हणजे फक्त वायर आणि तोंड, तिच्यात कोणतीही चिप नसते. एका टोकाला मदरबोर्डचा आतला साटा पोर्ट आणि दुसऱ्या टोकाला ई-साटाची खाच. खाच ई-साटाची झाली म्हणून मदरबोर्ड काही जास्त जोराने सिग्नल पाठवायला लागत नाही. तो आतल्या साटाच्या जोरानेच पाठवतो. म्हणून ब्रॅकेट वापरत असाल तर २ मीटरची सवलत विसरा. ब्रॅकेटची आतली वायर आणि बाहेरची केबल मिळून १ मीटरच्या आत ठेवा.

माझ्या ब्रॅकेटची आतली वायर सुमारे ४० सेंटीमीटर होती आणि मी बाहेर २ मीटरची केबल लावली होती. एकूण २ मीटर ४० सेंटीमीटर, शिवाय मध्ये एक जास्तीचा जोड. डिस्क ओळखली गेली, फोल्डर उघडले, छोटे फोटोही दिसले. मोठी कॉपी सुरू केल्यावर मात्र वेग कोसळला आणि डिस्क मधूनच नाहीशी व्हायला लागली. लांब केबल अशीच फसवते. अजिबात चालली नसती तर शंका केबलवरच गेली असती.

मदरबोर्डला कारखान्यातूनच मागे ई-साटा पोर्ट असेल तर तो बहुधा त्याच कामासाठी आखलेला असतो. तरीही गरज नसताना लांब केबल घेऊ नका.

एका टोकाला सरळ ई-साटा आणि दुसऱ्या टोकाला एल तोंड असलेली केबलही मिळते. ती थेट उघड्या डिस्कला लागते. चालते, पण डिस्क आतल्या साटाच्या जोरानेच बोलते, म्हणून इथेही १ मीटरचाच नियम धरा.

## ४. बायोस बघून घ्या

संगणक चालू करताना बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड बघा. `IDE` असेल तर चालू संगणकाला डिस्क लावली तरी ती दिसत नाही. `AHCI` असेल तर बहुतेक वेळा दिसते. काही बोर्डांवर पोर्टनिहाय `Hot Plug` किंवा `External SATA` असा पर्यायही असतो, तो चालू करा.

इथे एक सापळा आहे. संगणकावर `IDE` मोडमध्ये बसवलेलं जुनं विंडोज असेल आणि तुम्ही मोड बदललात, तर ते निळ्या पडद्यावर `0x0000007B` दाखवून थांबतं. विंडोज बिघडलेलं नसतं. मोड परत पूर्वीसारखा केला की ते सुरू होतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून काम करत असाल तर याचा अडथळा नाही, फक्त शेवटी मोड पूर्ववत करायला विसरू नका.

बायोसच्या भानगडीत पडायचं नसेल तर सोपा मार्ग: सगळं बंद असताना केबल लावा, आधी डॉक चालू करा, डिस्क फिरायला लागली की मग संगणक.

दोन डिस्कांचा डॉक असेल आणि त्यातली एकच दिसत असेल, तर दुसरी डिस्क मेली असं समजू नका. एका केबलवर दोन डिस्का दिसायला पोर्टच्या चिपला पोर्ट मल्टिप्लायर समजावा लागतो आणि इंटेलच्या चिपसेटचे पोर्ट सहसा तो समजत नाहीत. एका वेळी एकच डिस्क लावा.

## ५. डिस्क दिसते का, कशी दिसते

लाइव्ह लिनक्स सुरू करून टर्मिनल उघडा. विंडोजमध्ये जोडलीत आणि त्याने डिस्क "इनिशियलाइझ" किंवा "फॉरमॅट" करायला विचारलं, तर नाही म्हणा. मी जुन्या डिस्कचं पहिलं दर्शन लिनक्समध्येच घेतो, कारण तिथे मी सांगितल्याशिवाय डिस्कवर काही लिहिलं जाण्याची शक्यता कमी.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL,TRAN
```

५०० जीबीची डिस्क इथे `465.8G` दिसते. ही तूट नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. `TRAN` खाली `sata` असायला हवं. तिथे `usb` दिसलं तर डॉकची यूएसबी केबलही लागलेली आहे, ती काढा. सिरीयल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघा आणि डिस्कचं नाव कागदावर लिहा. पुढच्या सगळ्या आज्ञांत मी जुनी डिस्क `/dev/sdb` धरली आहे. तुमच्याकडे ते नाव वेगळं असेल तर तेच घाला. इथली अदलाबदल भरून येत नाही.

मग जोडणी किती वेगाची झाली ते बघा:

```
sudo dmesg | grep "SATA link up"
```

`1.5 Gbps` किंवा `3.0 Gbps` दिसेल. जुन्या फिरत्या डिस्कला १.५ सुद्धा पुरतो, कारण त्या काळची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपासच वाचते.

## ६. दोष केबलचा की डिस्कचा

कॉपी करण्याआधी `smartmontools` बसवा आणि हे आकडे वहीत लिहून घ्या:

```
sudo smartctl -A /dev/sdb
```

तीन ओळी बघायच्या. क्रमांक ५, `Reallocated_Sector_Ct`, म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, तबकडीवरचे डेटाचे छोटे कप्पे. क्रमांक १९७, `Current_Pending_Sector`, म्हणजे वाचता न आलेले सेक्टर. हे दोन डिस्कच्या तबकडीबद्दल बोलतात. क्रमांक १९९, `UDMA_CRC_Error_Count`, हा वाटेबद्दल बोलतो: डिस्क आणि संगणक यांच्यात डेटा जाताना तो किती वेळा बिघडून पोचला. ओळीतला शेवटचा आकडा वाचायचा.

१९९ चा आकडा कधी कमी होत नाही. म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का हे महत्त्वाचं. मामांच्या डिस्कवर सुरुवातीला तो ३ होता, २ मीटरच्या केबलवर अर्ध्या तासात ६१ झाला. ५ आणि १९७ मात्र शून्यावरच होते. तबकडीची तक्रार नाही आणि वाटेची वाढते आहे, एवढ्यावरून केबल पकडली गेली.

`dmesg` मध्येही हाच फरक दिसतो. `ICRC` आणि `BadCRC` हे शब्द आले तर वाट खराब. `UNC` आला तर तबकडीवरचं अक्षरच वाचता आलेलं नाही. वाट फार खराब असेल तर संगणक स्वतःच माघार घेतो आणि अशी ओळ येते:

```
ata4: limiting SATA link speed to 1.5 Gbps
```

मी २ मीटरची केबल काढून अर्ध्या मीटरची लावली. ब्रॅकेट धरून एकूण ९० सेंटीमीटर झालं. आकडा ६१ वरच थांबला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

केबल आखूड करूनही आकडा वाढत असेल तर ब्रॅकेट बाजूला करा. संगणक बंद करून डिस्क थेट कॅबिनेटमध्ये, आतल्या केबलने जोडा. तिथेही वाढला तर डिस्कची खाच बघा. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेल्या डिस्कच्या पिना काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

## ७. आधी अख्खी प्रत, मग फोटो

फोल्डर ओढून कॉपी करू नका. तशा कॉपीत डिस्कचं डोकं फाइलीमागे इकडेतिकडे धावतं, आणि एखादी फाइल अडली की सगळं तिथेच खोळंबतं. `ddrescue` अख्खी डिस्क ओळीने वाचून एकाच फाइलीत उतरवतो आणि कुठवर पोचलो याची नोंद ठेवतो. उबंटूत त्याच्या पॅकेजचं नाव `gddrescue` आहे.

प्रत ज्या डिस्कवर घ्यायची ती मी कॅबिनेटच्या आत, साध्या आतल्या साटा केबलने लावली होती. जुन्या डेस्कटॉपला यूएसबी २ च असतं आणि त्यावर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर काही जात नाही, मग ई-साटाचा वेग वाया जातो. ही डिस्क फॅट३२ फॉरमॅटची नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पुढच्या आज्ञांआधी ती `/mnt/prat` वर माउंट करून घ्या.

```
sudo ddrescue -d -n /dev/sdb /mnt/prat/mama.img /mnt/prat/mama.map
sudo ddrescue -d -r3 /dev/sdb /mnt/prat/mama.img /mnt/prat/mama.map
```

पहिली आज्ञा सहज वाचता येईल ते सगळं आधी काढून घेते. दुसरी उरलेल्या अवघड जागांवर पुन्हा तीन फेऱ्या करते. मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्या, `mama.map` वरून काम तिथूनच पुढे सुरू होतं. ही फाइल पुसू नका.

माझी पहिली फेरी सव्वादोन तासांत झाली. शेवटाकडे एका जागी `UNC` आला, म्हणजे यावेळी दोष खरोखर तबकडीचा. तीन फेऱ्यांनंतर १६ सेक्टर उरले. प्रत्येक ५१२ बाइटचा, म्हणजे ८ केबी, बहुधा एका फोटोचा तुकडा. १९७ चा आकडाही शून्यावरून १६ झाला आणि १९९ मात्र ६१ वरच राहिला. दोन वेगळे दोष एकाच डिस्कवर असे स्वच्छ वेगळे दिसले.

आता प्रतीतून फोटो काढायचे:

```
sudo losetup -rfP --show /mnt/prat/mama.img
sudo mkdir -p /mnt/foto
sudo mount -o ro /dev/loop0p5 /mnt/foto
```

पहिली आज्ञा जे नाव दाखवेल ते `loop0` च्या जागी घाला. विंडोजची सी ड्राइव्ह सहसा `p1` वर सापडते. डी ड्राइव्ह त्या काळी बहुधा एक्स्टेंडेड भागात करत आणि त्यातले क्रमांक ५ पासून सुरू होतात. स्टुडिओवाले फोटो डीमध्ये ठेवत, म्हणून मी `p5` दिलं आहे.

## ८. डिस्क सोडवताना

चालू डॉकची केबल ओढू नका. आधी डिस्क थांबवा:

```
udisksctl power-off -b /dev/sdb
```

आवाज बंद व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात. मग डॉकचं बटण आणि शेवटी केबल. ई-साटाच्या तोंडाला अडकवणारी कळ सहसा नसते, त्यामुळे टेबलावर केबलला नुसता धक्का लागला तरी ती निसटू शकते. कॉपी चालू असताना मी ती डॉकच्या मागे कागदी टेपने टेबलाला चिकटवून ठेवतो.

मामांची डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवली आहे. पिशवीवर तारीख, सिरीयल नंबर आणि "१९९: ६१, १९७: १६" एवढं लिहिलं आहे, म्हणजे पुन्हा कुणी जोडली तर त्याला आकडे ताडून बघता येतील.